दहा माद्यांमागे एक नर

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला कृत्रिम रेतन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. गाय माजावर आली की डॉक्टरांना फोन जातो, नायट्रोजनच्या कॅनमधून वीर्याची कांडी निघते, कोमट पाण्यात वितळते आणि चहा होईपर्यंत काम उरकतं. पलूस तालुक्यातल्या भिलवडीत तर कालवडीच जन्माव्यात म्हणून निवडलेलं वीर्य तयार करण्यापर्यंत मजल गेली आहे. अशा भागात कुणी आठ-दहा माद्यांचं वराहपालन सुरू केलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गाईला कांडी चालते, मग डुकरिणीला का चालू नये? दीड-दोनशे किलोचा नर वर्षभर पोसायचा कशाला?

प्रश्न रास्त आहे, पण गाईचा हिशोब इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. गाईच्या कांडीत पाव मिलिलिटर वीर्य असतं आणि त्यात साधारण 2 कोटी शुक्राणू. डुकरिणीला एका वेळी 80 ते 100 मिलिलिटरची बाटली द्यावी लागते आणि तिच्यात अडीच ते तीन अब्ज शुक्राणू असावे लागतात. तिच्या गर्भाशयाचं एकेक शिंग मीटरभर लांब असतं आणि एका माजात पंधरा-वीस अंडी सुटतात. तेवढी वाट चालून तेवढ्या अंड्यांपर्यंत पोचायचं तर फौज मोठी लागते.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. डुकराच्या शुक्राणूचं आवरण थंडीला फार हळवं असतं. पातळ केलेलं वीर्य 15 अंशांच्या खाली गेलं की ते आवरण फाटायला लागतं. गोठवलेलं वीर्य जगात मिळतं, पण त्याने गाभण राहण्याचं प्रमाणही घटतं आणि पिल्लंही कमी होतात. म्हणून युरोपात जिथे बहुतेक डुकरिणी कृत्रिम रेतनानेच भरवल्या जातात, तिथेही वापरतात ते पातळ, ताजं वीर्य. ते 16 ते 18 अंशांवर ठेवतात आणि साध्या द्रावणात ते तीन दिवस टिकतं. आसामात गुवाहाटीजवळ राणी इथे असलेलं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आणि आपल्या शेजारी जुन्या गोव्यातली एला इथली केंद्रीय संस्था यांनी हेच तंत्र आपल्याकडच्या पाळणाऱ्यांसाठी बसवलं आहे.

याचा अर्थ असा, की गाईची कांडी वर्षानुवर्षं कॅनमध्ये पडून राहू शकते, पण डुकराची बाटली परवा-तेरवा कुठल्या तरी जिवंत नरापासून घेतलेली असावी लागते. मादी सोमवारी संध्याकाळी माजावर आली तर बाटली मंगळवारी सकाळी हातात हवी. ज्याला ती रोज हमखास पोचती होते, त्याचा विचार वेगळा. विटा, कराड, तासगाव, फलटण या बाजूच्या लहान पाळणाऱ्याने मात्र आधी स्वतःचा नर नीट सांभाळायला शिकावं आणि कृत्रिम रेतन त्याच नराच्या मदतीला घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्हींपैकी एक निवडायचं नाही. कुठलं काम कुणाला द्यायचं, एवढंच ठरवायचं आहे.

पहिलं काम माज ओळखण्याचं. ते नराशिवाय कुणालाच पुरतं जमत नाही. डुकरीण दर 21 दिवसांनी माजावर येते. जुन्या मादीचा माज दोन ते तीन दिवस टिकतो, नवख्या मादीचा एक-दोन दिवसच. आधी योनी लाल होते, सुजते, मादी खाणं कमी करते, कठड्यावर पाय टाकते. हे सगळं दिसलं म्हणून लगेच भरवायचं नसतं. ज्या क्षणी ती नरासमोर पाठीवरचा भार सोसून स्थिर उभी राहते, तिथून खरा माज मोजायचा. अंडी सुटतात ती या माजाचा दोन-तृतीयांश भाग सरल्यावर, आणि सुटलेलं अंडं काही तासच फळू शकतं. शुक्राणू मादीच्या अंगात साधारण एक दिवस टिकतो. म्हणून स्थिर उभी राहिल्यापासून 12 तासांनी एकदा आणि 24 तासांनी दुसऱ्यांदा भरवलं, तर त्यातली एक वेळ तरी नेमकी साधते. नवख्या मादीचा माज आखूड असल्याने तिला पहिली भरवणी थोडी आधी द्यावी.

ही चाचणी शेडमध्ये उभं राहून एकदा नीट बघावी. कामगार मादीच्या मागे जातो आणि दोन्ही तळव्यांनी तिच्या कमरेवर भार देतो. नर आसपास नसेल तर माजावरच्या माद्यांपैकी जेमतेम पन्नास-साठ टक्के माद्या उभ्या राहतात, बाकीच्या पुढे सरकतात. आता नराला फाटकाबाहेर आणा. तो जबडा चावतो, तोंडाला पांढरा फेस येतो, घशातून एकसारखा गुरगुरतो. मादी नाक त्याच्या तोंडाशी नेते, आणि मघाशी सरकणारी तीच मादी खांबासारखी ताठ होते. यॉर्कशायरचे उभे कान आणखी मागे वळून थरथरतात, पाठ किंचित कमानदार होते, आणि आता माणूस पाठीवर बसला तरी ती हलत नाही. ही जादू त्या फेसात आहे. नराच्या लाळग्रंथींत अँड्रोस्टेनोन आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात. मेलरोझ, रीड आणि पॅटरसन या ब्रिटिश संशोधकांनी 1971 मध्ये दाखवून दिलं की नुसत्या या वासानेसुद्धा आणखी कितीतरी माद्या उभ्या राहतात. परदेशात त्याचा फवाराही विकला जातो, पण वास, आवाज, रूप आणि नाकाचा स्पर्श हे सगळं एकत्र देणारा जिवंत नर त्याहून भारी पडतो.

इथे एक चूक फार ठिकाणी दिसते. जागा वाचावी म्हणून नराचा कप्पा माद्यांच्या कप्प्याला लागून बांधतात आणि मध्ये जाळी ठेवतात. दिवसभर नर समोर असला की माद्यांना त्याची सवय होते. माजावरची मादी दहा-पंधरा मिनिटं ताठ उभी राहिली की थकते आणि पुढचा तासभर ती उभी राहतच नाही. नेमकं तेव्हाच मालक तपासायला येतो आणि मादी माजावर नाही म्हणून निघून जातो. नर लांब ठेवावा, सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणावा आणि त्याच वेळी तपासणी उरकावी. पाच-साडेपाच महिन्यांच्या वाढत्या माद्यांनाही रोज असा नर दाखवला तर त्या पहिल्या माजावर लवकर येतात. त्यासाठी नर मात्र दहा महिन्यांच्या वरचा हवा, कोवळ्या नराच्या लाळेला तेवढा वास नसतो.

दुसरं काम प्रत्यक्ष भरवण्याचं. नर आठ महिन्यांचा आणि सव्वाशे किलोच्या आसपास झाला की त्याला कामाला लावावं. पहिली मादी शांत, एक-दोन वेळा व्यालेली, त्याच्याच मापाची आणि पक्क्या माजावरची असावी. पहिल्याच खेपेला चिडक्या मादीने त्याला कठड्यावर दाबलं किंवा तो ओल्या फरशीवर घसरला, तर पुढे महिनोन्महिने तो चढायला कचरतो. मादीला नराच्या कप्प्यात आणावं, नराला मादीकडे नेऊ नये. नव्या जागी तो अर्धा वेळ हुंगण्यात घालवतो. जमिनीवर उसाचं कोरडं पाचट पसरलं की पाय घट्ट बसतात, आणि पाचटाला या दोन जिल्ह्यांत तोटा नाही.

चढल्यावर तिथून हलू नये. डुकराचं लिंग टोकाला पिळदार असतं आणि ते मादीच्या गर्भाशयमुखाच्या वळ्यांत अडकलं तरच वीर्य सुटतं. नवखा नर कधी चुकून गुदद्वारात जातो. माणूस जवळ असेल तर हाताने वाट दाखवता येते, नसेल तर भरवणी वाया जाते आणि वहीत मात्र ती झाली म्हणून लागते. वीर्य खरंच सुटतंय की नाही हे नराच्या शेपटीखाली पाहून कळतं : गुदद्वार लयीत आकसत राहतं. हे पाच मिनिटं, कधी दहा मिनिटं चालतं. दोन मिनिटांत उतरलेल्या नराची भरवणी धरू नये.

आणि कितीही गरीब नर असला तरी हातात फळी घेतल्याशिवाय त्याच्या कप्प्यात जाऊ नये. नर आणि भिंत यांच्यामध्ये किंवा नर आणि माजावरची मादी यांच्यामध्ये कधी उभं राहू नये. त्याचे सुळे मान वळवता वळवता मांडी फाडतात. वर्षातून एक-दोनदा पशुवैद्यकाकडून ते कापून घ्यावेत.

आता नराच्या कामाचा हिशोब मांडू. दहा माद्या, प्रत्येकीची वर्षाला दोन वेतं, म्हणजे वीस वेतं. दर पाच भरवण्यांत एक मादी उलटते असं धरलं तर पंचवीस माज भरवावे लागतील, आणि प्रत्येक माजाला दोनदा म्हणून पन्नास वेळा नर चढेल. म्हणजे आठवड्याला एकच भरवणी. प्रौढ नर आठवड्याला चार-पाच वेळा बिनतक्रार काम करतो, वर्षाच्या आतला कोवळा नर दोन-तीन वेळा. कागदावर नराला कामच नाही असं दिसतं. सरकारी योजनांतही दहा माद्यांमागे एक नर हेच प्रमाण धरतात.

पण माद्या कागदावरच्या सरासरीने माजावर येत नाहीत. पिल्लांचं दूध तोडलं की चार ते सात दिवसांत मादी माजावर येते, आणि एकत्र व्यालेल्या माद्यांचं दूध एकाच दिवशी तोडलं जातं. समजा तासगावकडच्या एका युनिटात पाच माद्यांचं दूध गुरुवारी तोडलं. पुढच्या सोमवारी संध्याकाळी दोघी नरासमोर उभ्या राहिल्या, मंगळवारी सकाळी आणखी दोघी, बुधवारी सकाळी पाचवी. बारा आणि चोवीस तासांचा नियम पाळायचा तर मंगळवारी सकाळी दोन भरवण्या, संध्याकाळी चार, बुधवारी सकाळी दोन, संध्याकाळी एक आणि गुरुवारी सकाळी एक. अठ्ठेचाळीस तासांत दहा. एवढं एका नराला झेपत नाही. तो चढेल, पण चौथ्या-पाचव्या खेपेनंतर वीर्य पाण्यासारखं होत जातं. या माद्यांपैकी दोघी-तिघी उलटतात किंवा चार-पाच पिल्लं देतात, आणि दोष मादीवर जातो. उलट पुढचे दोन महिने नर रिकामा बसतो, साठलेले शुक्राणू जुने होतात, आणि पहिली भरवणी फुकट जाण्याची भीती असते. म्हणून काम नसतानाही आठ-दहा दिवसांतून एकदा त्याचं वीर्य काढून टाकावं.

कृत्रिम रेतनाची खरी जागा इथे आहे. वर्षभराच्या सरासरीसाठी नर पुरेसा असतो. तीन दिवसांच्या गर्दीला मात्र त्याच्याच वीर्याचे भाग करून द्यावे लागतात.

वीर्य काढायला लाकडी घोडा करतात : मादीच्या उंचीचा, खालून भक्कम, वर पोतं ताणून बांधलेला. माजावरच्या मादीचं मूत्र त्याच्यावर शिंपडलं की शिकवणी सोपी जाते, तरी काही आठवडे धीर धरावा लागतो. नर चढला की आधी त्याच्या लिंगाच्या आवरणाजवळची पिशवी दाबून तिच्यातलं साचलेलं, उग्र वासाचं मूत्र काढून टाकावं. हे राहून गेलं तर पुढची सगळी मेहनत त्या घाणीने नासते. मग हातमोजा घातलेल्या मुठीत लिंगाचं पिळदार टोक धरावं, थोडं पुढे येऊ द्यावं आणि घट्ट पकडून ठेवावं. गर्भाशयमुखाची पकड मुठीने द्यायची, एवढंच यातलं कौशल्य. पहिल्यांदा स्वच्छ पाण्यासारखा स्राव येतो, तो सोडून द्यायचा. मग दुधासारखा पांढरा दाट भाग येतो, तोच खरा. शेवटी पुन्हा पातळ. मधूनमधून भिजलेल्या साबुदाण्यासारखे गोळे पडतात, ते गाळण्यासाठी भांड्याच्या तोंडावर गॉज बांधलेलं असतं. भांडं आधीच 37 अंशांच्या आसपास कोमट केलेलं हवं, आणि नर स्वतःहून उतरेपर्यंत मूठ सोडायची नाही.

गाळून प्रौढ नराचं दोनशे मिलिलिटरच्या आसपास वीर्य मिळतं आणि त्यात चाळीस-पन्नास अब्ज शुक्राणू असू शकतात. मोठ्या प्रयोगशाळेत ते मोजून पातळ करतात. लहान युनिटात मोजणी होत नाही, म्हणून हात आखडता घ्यावा : दोनशे मिलिलिटरचं एक लिटरपेक्षा जास्त करू नये, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या दहा बाटल्या. साधा सूक्ष्मदर्शक मात्र हवाच. कोमट काचेवरच्या थेंबात दहांपैकी सात शुक्राणू सरळ पुढे पळताना दिसले तर ते वीर्य वापरावं, नाहीतर टाकून द्यावं आणि नराला विश्रांती द्यावी. हे बघायला शिकण्यासाठी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या प्रजनन विभागात चौकशी करावी. साताऱ्याच्या उत्तर टोकाला, महामार्गावरच ते आहे.

पातळ करायचं द्रावण तयार पुडीत मिळतं. जुनं आणि स्वस्त ते 1975 मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या केंद्रात तयार झालेलं आणि बीटीएस म्हणून ओळखलं जाणारं. त्यात मुख्यतः ग्लुकोज, सोबत सायट्रेट, सोडा आणि थोडे क्षार, शिवाय जंतू वाढू नयेत म्हणून प्रतिजैविक असतं. ते ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून वीर्याच्याच तापमानाला आणायचं आणि हळूहळू वीर्यात ओतायचं. दोन्हींत दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी शुक्राणू दचकतात.

सगळ्यात जास्त बाटल्या मरतात त्या यानंतर. घरच्या फ्रिजमध्ये चार-पाच अंश असतात, तिथे रात्रभर ठेवलेली बाटली सकाळी निरुपयोगी झालेली असते. ती दिसते मात्र तशीच, म्हणून कुणाला कळत नाही. सांगलीच्या एप्रिलमध्ये बाहेर ठेवली तर उष्णतेने संपते. जाड थर्माकोलची पेटी, तिच्यात गार पाण्याच्या बाटल्या, मध्ये कापडाचा पडदा आणि आत थर्मामीटर, एवढ्यावर 17 अंश राखता येतात, पण थर्मामीटर दिवसातून चार वेळा वाचावा लागतो. बर्फ बाटलीला टेकवायचा नाही. शुक्राणू तळाला बसतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ बाटली अलगद उलटी-सुलटी करायची. उन्हाची तिरीपही लागू द्यायची नाही.

रेतनाची नळी नराच्या लिंगासारखीच पिळदार टोकाची असते. योनी पुसून घ्यावी, नळीच्या टोकाला रेतनासाठीचं वंगण लावावं, ती वरच्या दिशेने आत सारावी म्हणजे मूत्रमार्गात जात नाही, आणि अडली की डावीकडे फिरवत वळ्यांत बसवावी. हलकेच ओढून पाहिलं तर ती सुटत नाही. मग बाटली जोडून वर धरायची आणि थांबायचं. बाटली दाबून रिकामी केली की वीर्य मागून परत वाहून जातं. मादीने ते स्वतः ओढून घेतलं पाहिजे, आणि ती ओढते जेव्हा नर तिच्या नाकासमोर असतो आणि तिच्या पाठीवर भार असतो. तेव्हा गर्भाशय आकुंचन पावतं आणि पाच-सात मिनिटांत बाटली आपोआप रिती होते. म्हणजे इथेही नर फाटकापलीकडे उभा हवाच.

तासगावच्या त्या पाच माद्यांकडे परत जाऊ. मंगळवारी पहाटे एकदाच वीर्य काढलं तर मंगळवार-बुधवार सकाळपर्यंतच्या आठही भरवण्या बाटलीने होतात आणि दोन बाटल्या हाताशी राहतात. पाचवी मादी बुधवारी संध्याकाळी नराखाली द्यावी, तोवर त्याला दीड दिवस विश्रांती मिळालेली असते. गुरुवारी सकाळी तिला दुसरी भरवणी उरलेल्या बाटलीची. कोणत्या मादीला कधी आणि काय दिलं हे वहीत लिहावं. 18 ते 24 दिवसांनी नर पुन्हा सगळ्यांसमोरून फिरवावा. जी उभी राहील ती उलटली. नेमक्या 21 दिवसांनी उलटली तर बहुधा गर्भधारणाच झाली नव्हती. 25 ते 35 दिवसांच्या मध्ये कधीतरी उलटली तर गर्भ धरून मग गेला, आणि तिथे आजाराचा किंवा उष्णतेचा संशय घ्यावा.

उष्णतेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या पट्ट्यात सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. हवा बराच वेळ तीस अंशांच्या वर राहिली की त्याच्या वृषणांतलं तापमान वाढतं आणि घडत असलेले शुक्राणू बिघडतात. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण सात आठवडे लागतात. त्यामुळे समजा 10 मेच्या सुमारास आठवडाभर चाळीस अंशांचा तडाखा बसला, तर बिघडलेले शुक्राणू बाहेर येतील मेच्या अखेरपासून जूनच्या अखेरपर्यंत. नर जोमात चढतो, खातो, तब्येतीने धडधाकट असतो. 12 जूनला भरवलेली मादी 3 जुलैला उलटते. तोवर पाऊस पडून गारवा आलेला असतो आणि मेचा उन्हाळा सगळे विसरलेले असतात. नराला ताप आला, पाय सुजून तो आठवडाभर पडून राहिला, तरी पुढचे दीड-दोन महिने हेच होतं. नराच्या वहीत उन्हाचे आणि आजाराचे दिवस लिहिलेले असले तर जुलैत मादी विकायची पाळी येत नाही.

उपाय इथल्या कोरड्या हवेत सोपा आहे. पत्र्यावर चुना किंवा पाचटाचा थर द्यावा, दुपारी अकरा ते पाच नराच्या खांद्यावर ठिबकने पाणी पडेल अशी तोटी बसवावी आणि शेजारी पंखा लावावा, म्हणजे पाणी उडून अंग गार होतं. खाणं पहाटे आणि रात्री द्यावं. ठिबकची तोटी द्राक्षबागेच्या अडगळीत घरीच सापडते. पाणी जिथे पडतं तिथली फरशी खडबडीत असावी, कारण लंगडा नर म्हणजे बिनकामाचा नर.

एरवीच्या खाण्याचं एकच सांगतो : नर लठ्ठ होऊ देऊ नये. रोज दोन ते अडीच किलो पेंड त्याला पुरते. हॉटेलच्या उरलेल्या अन्नावर सुटलेला नर सव्वादोनशे किलोंचा होतो, नवख्या माद्यांना त्याचा भार पेलत नाही आणि त्याचे पायही जातात. अशा नराकडूनही वीर्य काढून नव्या माद्या भरवता येतात, हा रेतनाचा दुसरा फायदा.

तिसरा फायदा मुलींच्या बाबतीतला. नराने पहिली मादी भरवल्यापासून चार महिन्यांनी ती विते आणि आणखी आठ महिन्यांनी तिच्या माद्या भरवायच्या वयाच्या होतात. म्हणजे बरोबर वर्षाने नराच्या स्वतःच्या मुली त्याच्यासमोर उभ्या असतात. बाप-लेकीच्या संकरातून पिल्लं कमी आणि अशक्त होतात, आतडं उतरलेली किंवा गुदद्वार नसलेली निपजतात. वडार आणि कैकाडी वस्त्यांवर मोकळ्या फिरणाऱ्या डुकरांत हे फारसं घडत नसे, कारण नर अनेक असत. बंदिस्त शेडमध्ये एकच नर असतो, म्हणून इथे ते घडतं. मुली विकून टाका, नाहीतर त्यांच्यापुरत्या बाटल्या दुसऱ्या युनिटातून आणा. दोन शेजाऱ्यांनी आपापल्या नराचं वीर्य अदलाबदल केलं तर दोघांचाही नर आणखी वर्ष-दीड वर्ष वापरता येतो.

अदलाबदल वीर्याची करावी, नराची नाही. नर गावोगाव फिरवण्याची जुनी रीत आता धोक्याची झाली आहे. 2020 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात शिरला, आणि तो शेडमध्ये आला की जवळपास सगळी डुकरं जातात. फिरता नर आणि त्याच्या गाडीची चाकं हा रोग घेऊन येतात. वीर्यही निर्धोक नसतं. ब्रुसेला, लेप्टोस्पायरा आणि पीआरआरएस वीर्यातून जातात, आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणूही जाऊ शकतो. एका बाटलीने एकच मादी आजारी पडते असंही नाही, त्या दिवशी भरलेल्या दहाही पडतात. म्हणून ज्या नराचं वीर्य घ्यायचं त्याचं रक्त आधी तपासून घ्यावं. पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुने पशुवैद्यकामार्फत पाठवता येतात. नवा नर विकत आणला तर त्याला महिनाभर वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांवर ठेवावं.

राहिला प्रश्न तीन-चार माद्यांच्या पाळणाऱ्याचा. नर वर्षाला नऊशे किलो पेंड खातो. किलोला 30 रुपये धरले तर 27,000 रुपये. दहा माद्यांच्या वीस वेतांवर ते वाटले तर वेताला चौदाशेच्या आत पडतात, तीन माद्यांच्या सहा वेतांवर वाटले तर साडेचार हजार. हे परवडत नाही. पण त्याच्याकडे नर नसेल तर माज ओळखायचा कसा? अशा माणसाने एक काम करावं. जवळच्या मोठ्या पाळणाऱ्याकडून बाटल्या ठरवून घ्याव्यात, तिन्ही माद्यांचं दूध एकाच दिवशी तोडावं आणि चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कमरेवर भार देऊन पाहावं. ज्यांची योनी सुजून आता उतरायला लागली आहे, तिच्यावर सुरकुती पडायला लागली आहे आणि स्राव बोटाला चिकट लागतो, त्यांना नर नसतानाही दोनऐवजी तीन वेळा, बारा-बारा तासांनी रेतन करावं. तिसरी बाटली हा नर न पोसण्याचा खर्च आहे, आणि तो वेताला साडेचार हजारांच्या कितीतरी खाली येतो.